रंगीत शाई संपली तरी काळी प्रिंट निघेल का? उत्तर कार्ट्रिजच्या खाली दडलेले आहे

समजा, येलदरीतल्या एखाद्या झेरॉक्स-ऑनलाइनच्या दुकानात सकाळी एक शेतकरी सातबाऱ्याची प्रिंट घ्यायला आला आहे. १५ रुपये शुल्क भरून डिजिटल स्वाक्षरीचा उतारा पोर्टलवरून डाऊनलोड झाला, पीडीएफ कॉम्प्युटरवर उघडली, प्रिंटचे बटण दाबले आणि प्रिंटरवरचा दिवा लुकलुकू लागला. रंगीत शाई संपली आहे. काळ्या शाईचे कार्ट्रिज मात्र चार दिवसांपूर्वीच नवीन टाकलेले. सातबाऱ्याला रंगाची गरज नाही, शेतकऱ्यालाही नाही. तरीही मशीन अडून बसते. नवे कार्ट्रिज आणायचे तर जिंतूर गाठावे लागणार, आणि तिथे नेमक्या नंबरचे मिळाले नाही तर परभणी.

अशा वेळी दुकानदार सहसा दोनपैकी एक गोष्ट करतो. एक तर प्रिंट करताना 'ब्लॅक अँड व्हाइट' निवडून पुन्हा प्रयत्न करतो, नाहीतर रंगीत कार्ट्रिज सरळ काढून बाजूला ठेवतो. गंमत अशी, की यातला दुसरा उपाय एका कंपनीच्या प्रिंटरमध्ये अगदी बरोबर ठरतो आणि दुसऱ्या कंपनीच्या, दिसायला जवळपास सारख्याच प्रिंटरमध्ये चालू असलेले कामही बंद पाडतो. पहिला उपाय तर बहुतेक वेळा अर्धवटच असतो.

काळ्या अक्षरांना रंग कशाला लागतो?

कॉम्प्युटरच्या दृष्टीने 'ग्रेस्केल' आणि 'फक्त काळी शाई' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सगळा घोळ इथेच होतो. ग्रेस्केल म्हणजे चित्रातले रंग काढून त्याच्या करड्या छटा करणे. त्या छटा कागदावर कोणत्या शाईने उमटवायच्या, हे मात्र प्रिंटरचा ड्रायव्हर ठरवतो. करडा रंग अधिक मऊ दिसावा म्हणून अनेक ड्रायव्हर निळसर, गुलाबी आणि पिवळी शाई थोडी थोडी मिसळून तो तयार करतात. म्हणजे पडद्यावर सगळे काळे-पांढरे दिसत असले, तरी आत रंगीत कार्ट्रिज कामाला लागलेले असते.

सातबारा हे याचे चांगले उदाहरण आहे. २०२० मध्ये उताऱ्याचा नवा नमुना आला, तेव्हापासून त्याच्या पार्श्वभूमीला वॉटरमार्क असतो. अक्षरे काळी, पण मागचा वॉटरमार्क फिकट छटेचा. ही फिकट छटा दिसली, की ड्रायव्हर रंगांकडे वळतो. पीडीएफ वाचकातल्या `Print in grayscale (black and white)` या चौकटीत टिक केली तरी फार फरक पडत नाही, कारण ती टिक फक्त पानाचे रंग बदलते. शाईची निवड त्याच्या पुढच्या पायरीवर होते.

दुसरे कारण कागदाचे आहे. अनेक इंकजेट प्रिंटरमधली काळी शाई पिगमेंट प्रकारची असते, म्हणजे तिच्यात रंगाचे बारीक कण तरंगत असतात. ती साध्या कागदावर घट्ट बसते. चकचकीत फोटो कागदावर मात्र नीट मुरत नाही. त्यामुळे सेटिंगमध्ये चुकून फोटो पेपर निवडलेला राहिला, तर प्रिंटर काळे कार्ट्रिज बाजूला ठेवतो आणि तीन रंग मिसळून काळा बनवतो. आदल्या दिवशी कोणी पासपोर्ट फोटो काढून सेटिंग तशीच सोडली असेल, तर दुसऱ्या दिवशीचा सातबारा रंगीत शाई मागतो, तो यामुळे.

प्रिंट हेड कुठे आहे, ते आधी पाहा

शाईचे थेंब कागदावर सोडणाऱ्या भागाला प्रिंट हेड म्हणतात. त्यात केसापेक्षाही बारीक छिद्रे असतात. स्वस्त घरगुती प्रिंटरमध्ये, म्हणजे एचपी डेस्कजेटच्या दोन कार्ट्रिजच्या मॉडेलमध्ये किंवा कॅननच्या दोन कार्ट्रिजच्या पिक्समा मॉडेलमध्ये, हे हेड कार्ट्रिजच्याच तळाला बसवलेले असते. कार्ट्रिज उलटे केले, की सोनेरी-तपकिरी रंगाची छोटी पट्टी दिसते, तेच हेड. छिद्रामागचा सूक्ष्म हीटर शाई क्षणभर तापवतो, बुडबुडा तयार होतो आणि थेंब बाहेर ढकलला जातो. शाई नसताना हा हीटर चालला तर त्याला थंड ठेवायला काही नसते आणि तो जळतो. पण जळाला तरी नुकसान त्या रिकाम्या कार्ट्रिजपुरतेच, कारण ते तसेही टाकून द्यायचे असते.

एपसनच्या प्रिंटरमध्ये हेड मशीनमध्येच कायमचे बसवलेले असते. कार्ट्रिज किंवा टाकी ही नुसती शाईची बाटली. तिथे शाई संपूनही प्रिंटिंग रेटले, तर नळीत आणि हेडमध्ये हवा शिरते, छिद्रे सुकतात. मग बिघडते ते कार्ट्रिज नाही, मशीन. रंगीत शाई संपल्यावर काळे छापू देण्याबाबत एका प्रकारचे प्रिंटर उदार आणि दुसऱ्या प्रकारचे चिकट का, याचे तांत्रिक कारण एवढेच आहे. शाई विकण्याचा हिशेब त्यात नसतो असे नाही, पण सगळा दोष त्यालाच देता येत नाही.

एचपी : कार्ट्रिज काढा, चालेल

दोन कार्ट्रिजच्या एचपी डेस्कजेटमध्ये यासाठी 'सिंगल कार्ट्रिज मोड' दिलेला आहे. त्याचे वेगळे बटण शोधत बसू नये. तो कार्ट्रिज काढल्यावर आपोआप सुरू होतो. प्रिंटर चालू असताना झाकण उघडावे, कार्ट्रिजचा गाडा मध्यभागी येऊन थांबेपर्यंत वाट पाहावी. समोरून पाहताना डावीकडे रंगीत आणि उजवीकडे काळे कार्ट्रिज असते. डेस्कजेट २१३१ सारख्या मॉडेलमध्ये डावे कार्ट्रिज हलकेच खाली दाबले की सुटते, मग ते पुढे ओढून काढायचे. झाकण बंद केले, की प्रिंटर एकाच कार्ट्रिजवर काम करत असल्याचा संदेश कॉम्प्युटरवर येतो. ही चूक नाही, सूचना आहे. ती बंद करून प्रिंट द्यावी. आता प्रिंटरपाशी रंगच नसल्याने तो काळ्या शाईनेच छापतो.

हाच संदेश दोन्ही कार्ट्रिज जागेवर असतानाही दिसला, तर नव्या कार्ट्रिजवरची प्लास्टिकची पट्टी काढायची राहून गेली आहे का, ते पाहावे. ती पट्टी राहिली, की मशीनला कार्ट्रिज ओळखताच येत नाही आणि ते नसल्यासारखेच धरले जाते.

रंगीत कार्ट्रिज पूर्ण संपलेले नसेल, तळाशी थोडी शाई असेल आणि ती एखाद्या फोटोसाठी राखून ठेवायची असेल, तर कार्ट्रिज काढण्याऐवजी ड्रायव्हरची सेटिंग वापरावी. विंडोजमध्ये प्रिंटरच्या `Printing Preferences` मध्ये जाऊन `Paper/Quality` हा टॅब, त्यात `Advanced` बटण आणि पुढे `Print in Grayscale` हा पर्याय. तिथे `High Quality Grayscale` आणि `Black Ink Only` अशा दोन ओळी मिळतात. पहिली ओळ नावावरून आकर्षक वाटते, पण रंग मिसळणारी तीच. निवडायची ती दुसरी. काढून ठेवलेले कार्ट्रिज मराठवाड्याच्या उन्हाळ्यात लवकर सुकते, त्यामुळे शाई शिल्लक असलेले कार्ट्रिज काढून टेबलावर ठेवणे म्हणजे ते फुकट घालवणे.

चार स्वतंत्र कार्ट्रिजच्या मोठ्या एचपी मशीनला मात्र हा मोड नसतो. त्यातली काही मॉडेल रंग संपल्यावर पडद्यावरच विचारतात, की तात्पुरते फक्त काळ्या शाईने छापू का. तिथे होकार द्यायचा आणि कार्ट्रिजला हात लावायचा नाही.

कॅनन : कार्ट्रिज काढाल तर अडाल

कॅननच्या दोन कार्ट्रिजच्या प्रिंटरची रचना एचपीसारखीच, डावे रंगीत, उजवे काळे. पण नियम नेमका उलटा आहे. रंगीत कार्ट्रिज रिकामे असले तरी ते जागेवरच हवे. काढले, की प्रिंटर काळ्या शाईनेही छापत नाही. एचपी वापरलेला माणूस सवयीने कार्ट्रिज काढतो आणि मग काळेही खराब झाले असे समजून दोन्ही नवीन आणतो. तो खर्च टाळता येण्यासारखा आहे.

शाई संपल्यावर कॅननच्या छोट्या पडद्यावर `E13` किंवा `E16` दिसते. कॉम्प्युटरवर त्याच अडचणीचे क्रमांक `1686` आणि `1688` असे येतात. पहिल्याचा अर्थ शाई संपली असावी, दुसऱ्याचा अर्थ शाई संपली. अशा वेळी कार्ट्रिज जागेवर ठेवून `Stop` बटण किमान पाच सेकंद दाबून धरले, की प्रिंटर त्या कार्ट्रिजची शाई मोजणे थांबवतो आणि पुढचे काम सुरू होते. त्यानंतर त्या कार्ट्रिजमध्ये किती शाई आहे हे तो सांगत नाही. रिकाम्या अवस्थेत छापत राहिल्याने झालेल्या बिघाडाची जबाबदारी कंपनी घेत नाही, हेही इथे लक्षात ठेवावे लागते. म्हणूनच नुसते बटण दाबून थांबू नये. पुढची पायरी महत्त्वाची, कारण तिच्यामुळेच रिकाम्या कार्ट्रिजला काम सांगणे बंद होते.

ती पायरी अशी. `Printing Preferences` उघडून `Maintenance` टॅबवर जावे. तिथे `Ink Cartridge Settings` असे चिन्ह असते. त्यात `Black Only` निवडून `OK` करावे. मग `Main` टॅबवर परत येऊन कागदाचा प्रकार `Plain Paper` आहे ना, आणि कडेपर्यंत छापणारा `Borderless` पर्याय बंद आहे ना, हे पाहावे. या दोनपैकी एक जरी चुकले, तरी `Black Only` निवडलेले असूनही प्रिंटर रंगीत कार्ट्रिजकडेच वळतो. सेटिंग केली, तरी पान फिकट किंवा कोरे आले, अशी तक्रार असेल तेव्हा पहिला संशय इथेच घ्यावा.

कधी कधी `Maintenance` हा टॅबच दिसत नाही. प्रिंटर जोडल्यावर विंडोजने स्वतःहून बसवलेला सर्वसाधारण ड्रायव्हर चालू असतो, तेव्हा असे होते. त्याला छापता येते, पण शाईच्या सेटिंग त्याच्यात नसतात. कंपनीच्या संकेतस्थळावरून आपल्या मॉडेलचा पूर्ण ड्रायव्हर घेऊन बसवला, की टॅब दिसू लागतो. एचपीच्या `Black Ink Only` चेही तेच.

मोबाइलवरून प्रिंट देताना

फोनमध्ये प्रिंट देताना रंगीत किंवा ब्लॅक अँड व्हाइट एवढेच दोन पर्याय बहुधा मिळतात. हा ब्लॅक अँड व्हाइट म्हणजे वर सांगितलेला ग्रेस्केलच, फक्त काळ्या शाईची हमी त्यात नाही. एचपीचे रंगीत कार्ट्रिज काढलेले असेल तर अडचण येत नाही, कारण रंग नाही हे मशीनलाच माहीत असते. प्रिंट कुठूनही येवो. कॅननची सेटिंग मात्र कॉम्प्युटरमधल्या ड्रायव्हरमध्ये केलेली असते. फोनवरून आलेल्या प्रिंटला ती लागू होईल असे धरून चालू नये. ग्राहकाने व्हॉट्सॲपवर पाठवलेली पीडीएफ आधी कॉम्प्युटरवर घ्यावी आणि तिथूनच छापावी.

एपसन आणि इंक टँक : इथे हात आखडता

एपसनच्या कार्ट्रिजच्या प्रिंटरमध्ये रंग संपल्यावर तात्पुरती काळी छपाई करता येते, पण अटी कडक आहेत. कागद साधा किंवा पाकीट, ग्रेस्केल चालू, कडेपर्यंत छपाई बंद, आणि विंडोजमध्ये `EPSON Status Monitor 3` चालू असायला हवे. हा शेवटचा छोटा प्रोग्रॅमच काळ्या शाईने छापायचे का असे विचारतो, त्यामुळे तो बंद असेल तर प्रश्नच पुढे येत नाही. ही सवलत शाई संपल्यानंतर सुमारे पाच दिवसांपुरती असते. ब्रदरच्या कार्ट्रिजच्या काही मशीन साधारण चार आठवडे मुभा देतात. मात्र त्या काळात प्रिंटरची वायर काढली किंवा रिकामे कार्ट्रिज बाहेर काढले, तर मुभाही संपते. जिथे संध्याकाळी दुकान बंद करताना मेन स्विच पाडायची सवय असते, तिथे ही अट विशेष महत्त्वाची.

गावोगावच्या दुकानांत मात्र आता टाकीचे प्रिंटर जास्त दिसतात. एपसनच्या एल ३११० किंवा एल ३२५० सारखे. यांच्याबाबतीत उत्तर नकारार्थी आहे. या टाक्यांमधली शाई प्रिंटर स्वतः प्रत्यक्ष मोजत नाही, ती डोळ्यांनी पाहायची असते. त्यामुळे रंगाची टाकी कोरडी पडली, तरी मशीन निमूटपणे छापत राहू शकते. अक्षरे काळी येत असतात आणि दुकानदाराला वाटते काही बिघडत नाही. पण हेड साफ करताना मशीन काळ्यासोबत रंगांच्या नळ्यांतूनही शाई ओढते. टाकी रिकामी असेल, तर शाईऐवजी हवा ओढली जाते. टाकीवर खालची रेघ आखलेली असते. शाई तिच्याखाली गेल्यावर छापत राहिल्यास मशीन बिघडू शकते, असे कंपनी स्पष्ट सांगते. इथे कोणतीही सेटिंग शोधू नये. जो रंग खाली गेला असेल त्याची एक बाटली आणावी. बाटल्या सुट्या मिळतात, चारही घ्याव्या लागत नाहीत, आणि हेड बदलण्याच्या खर्चापुढे एका बाटलीचा खर्च किरकोळ आहे.

फक्त काळी शाईच वापरली गेली, हे कसे ओळखावे?

फोनचा कॅमेरा पुरेसा आहे. छापलेल्या सातबाऱ्यावरचा वॉटरमार्क किंवा कोणताही करडा भाग उजेडात धरून कॅमेऱ्यात मोठा करून पाहावा. रंग मिसळलेले असतील, तर निळसर, गुलाबी, पिवळे ठिपके वेगवेगळे दिसतात. फक्त काळी शाई वापरली असेल, तर पांढऱ्या कागदावर विरळ काळे ठिपके दिसतात, दुसरे काही नाही. अक्षरांना हिरवट किंवा तपकिरी झाक असेल, तर काळा रंग मिसळून बनवला जात आहे आणि त्यातला एखादा रंग संपत आला आहे, असे समजावे.

या फरकाचा सातबाऱ्यापुरता आणखी एक उपयोग आहे. एचपी आणि कॅननच्या दोन कार्ट्रिजच्या मॉडेलमध्ये काळी शाई बहुधा पिगमेंटची असते आणि रंगीत शाई पाण्यात विरघळणाऱ्या डायची. पावसाळ्यात पिशवीतून तहसीलला गेलेला उतारा भिजला, तर पिगमेंटची अक्षरे बऱ्यापैकी टिकतात, रंग मिसळून बनवलेला काळा फुटतो. उताऱ्यावरच्या क्यूआर कोडचे चौकोनही काळ्या शाईने अधिक रेखीव येतात. तो कोड स्कॅन झाला पाहिजे, कारण उतारा खरा आहे की नाही याची पडताळणी त्यावरूनही होते. करड्या छटा थोड्या खडबडीत येतील, वॉटरमार्क दाणेदार दिसेल, पण वाचायला आणि तपासायला त्याची अडचण नाही.

आधार कार्डाच्या प्रिंटबाबतही ग्राहक रंगाचा आग्रह धरतात. डाऊनलोड केलेले आधार साध्या कागदावर, अगदी काळ्या-पांढऱ्यात छापलेले असले तरी वैध असल्याचे यूआयडीएआयने स्पष्ट केलेले आहे. त्यामुळे रंग संपल्याच्या दिवशी आधारची प्रिंटही अडवून ठेवण्याचे कारण नाही. पासपोर्ट आकाराचे फोटो मात्र थांबवावेच लागतात.

नवे रंगीत कार्ट्रिज आल्यावर एचपीमध्ये ते बसवले, की सिंगल कार्ट्रिज मोड आपोआप संपतो. `Black Ink Only` निवडले असेल, तर तेवढे `Off` करावे. कॅननमध्ये पुन्हा `Ink Cartridge Settings` मध्ये जाऊन `Both Black and Color` निवडावे लागते. ते राहिले, तर नवे कार्ट्रिज भरलेले असूनही लग्नपत्रिका काळीच छापली जाते.